‘काम शोधतेय’ ही पोस्ट : प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

आमची प्रॉडक्शन लाइन दक्षिणेतल्या प्लांटला हलणार हे ३० जूनला जाहीर झालं. नोटीस ६० दिवसांची. शेवटचा दिवस २९ ऑगस्ट, म्हणजे ऐन गणपतीच्या आठवड्यात. पुणं सोडायचं नाही हे घरात ठरलं आहे, तेव्हा नोकरी इथेच बघायची. लिंक्डइनवर एक पोस्ट टाकायची आहे. नवीन पार्ट डेव्हलप करताना जशी फाइल उघडते तशीच ही उघडली आहे, कारण घाईघाईत भावनेच्या भरात लिहून टाकली तर ती माझ्याच आत्याला आणि शाळेतल्या मैत्रिणींना तेवढी आवडेल.

दोन दिवस इतरांच्या अशा पोस्टी वाचतेय. बहुतेकींचा साचा एकच. जड मनाने कळवते, कंपनीचे आभार, टीमचे आभार, नव्या संधींच्या शोधात आहे, आणि खाली हॅशटॅगांची रांग. वाचून वाईट वाटतं, पण या माणसाला नेमकं काय येतं ते शेवटपर्यंत कळत नाही. आमच्याकडून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या एका टूलरूमवाल्याची पोस्ट मुद्दाम शोधून काढली. प्रतिसाद भरपूर, पण जवळजवळ सगळे जुने सहकारी. डाय मेंटेनन्समध्ये त्याच्याइतका हात असलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि ‘डाय’ हा शब्दच त्या पोस्टमध्ये नाही!

१६ जुलै, बुधवार

मावसबहिणीला फोन केला. ती एका कन्सल्टन्सीत ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांसाठी माणसं शोधते. रात्री जेवणं झाल्यावर तिने स्क्रीन शेअर करून दाखवलं की तिच्या बाजूने हे सगळं कसं दिसतं. आजची नोंद त्यामुळे लांबणार.

माझी समजूत अशी होती की रिक्रूटर पोस्टी चाळत बसतात. तिचं काम तसं चालतच नाही. क्लायंटकडून जागा येते आणि ती प्रोफाइलांच्या साठ्यात शब्द टाकून शोधते. सध्याच्या एका जागेसाठी तिने टाकलेली ओळ मी तशीच उतरवून घेतली:

```
("supplier quality" OR SQA OR SQE) AND ("die casting" OR HPDC) AND PPAP
```

मग शहर, अनुभवाची वर्षं, आणि जे लोक काम शोधतायत असं स्वतः सांगतात तेवढेच, अशा चाळण्या लावते. उरलेल्या नावांपैकी वरची काही उघडून बघते.

“ताई, पोस्ट मी शोधत नाही,” ती म्हणाली. “पोस्ट कुणीतरी माझ्याकडे सरकवतं. मग मी नावावर दाबते आणि प्रोफाइलला जाते. तिथे दुसरंच काही लिहिलेलं दिसलं की मी परत फिरते, माझ्याकडे वेळ नसतो.”

त्या ओळीत पुण्याची यादी आली, त्यात मी नव्हते. अकरा वर्षं हेच काम करूनही नव्हते. कारण साधं आहे. आमच्या कंपनीत या खात्याला व्हीक्यूए म्हणतात, व्हेंडर क्वालिटी. माझं पद ‘डेप्युटी मॅनेजर, व्हीक्यूए’. बाजारात त्याच कामाला एसक्यूए किंवा एसक्यूई म्हणतात. बरं, ‘डाय कास्टिंग’ हा शब्दही माझ्या प्रोफाइलमध्ये नाही, मी सगळीकडे ‘चाइल्ड पार्ट्स’ लिहून ठेवलंय. आमच्या कंपनीत सगळ्यांना कळतं, बाहेर कुणालाच नाही.

मी विचारलं, मग पदाचं नावच बदलून टाकू का? ती ठाम नाही म्हणाली. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ऑफर लेटरवरचं पद आणि प्रोफाइलवरचं पद जुळवून बघतात, फरक सापडला तर खुलासे देत बसावं लागतं. अनुभवाच्या रकान्यात कंपनीने दिलेलं पदच ठेवायचं. बाजारातलं नाव त्याखालच्या वर्णनात पहिल्याच ओळीत घालायचं, आणि नावाखालच्या हेडलाइनमध्येही. हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, माझी अर्ध्यातच मावली:

```
Supplier Quality (SQA/SQE) | Aluminium HPDC & machining | PPAP, VDA 6.3, 8D | Chakan, Pune
```

‘पॅशनेट’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ वगैरे काही नाही. तसले शब्द कुणी शोधात टाकत नाही.

थोडक्यात, पोस्टच्या आधी प्रोफाइल. हे काम आजच केलं. पोस्ट त्याच्यावर माणसं आणून सोडणार.

१९ जुलै, शनिवार

पोस्ट कुणासाठी? दोन वाचक आहेत आणि दोघांची नजर वेगळी. एक माझ्या बहिणीसारखी. तिला कास्टिंगमधलं काही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. तिला शब्द जुळवायचे असतात, गाव बघायचं असतं, कधी येणार ते बघायचं असतं. दुसरा वाचक म्हणजे प्लांटचा क्वालिटी हेड. त्याला पीपीएपी, ८डी, कोअर टूल्स या क्वालिटीतल्या नेहमीच्या पद्धतींच्या शब्दांचा कंटाळा आलेला असतो, कारण ते प्रत्येकाच्या सीव्हीत असतात. दोन दिवसांचं ट्रेनिंग केलेला पोरगाही लिहितो. त्याला एखादं असं वाक्य लागतं जे शॉपवर उभं राहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

म्हणून एकच केस घ्यायची आणि ती नीट सांगायची. मी इन्व्हर्टर हाउसिंगची निवडली.

पोस्टचा कच्चा माल आठवून ठेवते. हाउसिंगमध्ये थंड पाण्याची वाहिनी आहे. मशिनिंग झाल्यावर लीक टेस्ट होते आणि पार्ट तिथे गळून रिजेक्ट होत होते. सप्लायर म्हणत होता, गॅस पोरॉसिटी आहे, म्हणजे धातूत गॅस अडकून पोकळ्या पडल्यात. त्याने व्हॅक्यूम वाढवला, डायवरचा स्प्रे कमी केला, शॉटचा वेग बदलला, महिने गेले. तोवर रेझिन भरून, म्हणजे इम्प्रेग्नेशन करून पार्ट चालवत होते. मी गळके पार्ट हवा भरून पाण्यात धरायला लावले. बुडबुडे फिरून फिरून एकाच बोल्टच्या बॉसपाशी, म्हणजे बोल्ट बसतो त्या जाड उंचवट्यापाशी. तो बॉस कापला, पॉलिश केला, भिंगाखाली पाहिला. गॅसची पोकळी गोल असते, आतून गुळगुळीत. इथे तशी नव्हती. वाकड्यातिकड्या, खडबडीत, एकमेकींत शिरलेल्या पोकळ्या. म्हणजे श्रिंकेज, धातू गोठताना आकसून पडलेल्या. बॉस जाड, तो सगळ्यात शेवटी गोठतो, आणि तोवर त्याला धातू पुरवणारी वाट बंद झालेली असते. व्हॅक्यूम कितीही वाढवला तरी याला उपाय नव्हता.

बॉसवर स्क्वीझ पिन बसवली. अर्धवट गोठलेल्या धातूत पिन आत दाबून पोकळी भरायची. सगळा खेळ वेळेचा. पिन लवकर गेली तर पातळ धातू नुसता मागे सरकतो, उशिरा गेली तर धातू घट्ट झालेला असतो आणि पिन पुरती आतच शिरत नाही. त्यामुळे प्रत्येक शॉटला पिन किती आत गेली ते मोजायचं आणि कमी गेली तर पार्ट बाजूला काढायचा, हे कंट्रोल प्लॅनमध्ये घालून घेतलं. माझ्या मते पिन बसवण्यापेक्षा हे मोजमाप घालून घेणं अवघड होतं, सप्लायर त्याला शेवटपर्यंत कुरकुरत होता.

आता यातलं बाहेर किती सांगायचं? ग्राहकाचं नाव, सप्लायरचं नाव, पार्ट नंबर, पीपीएमचे खरे आकडे, फोटो, ड्रॉइंगचा तुकडा, यातलं काहीही नाही. मी अजून नोकरीत आहे आणि करारावर सही आहे. शिवाय जी बाई आपल्या सप्लायरचे आकडे चव्हाट्यावर मांडते तिला उद्या आपल्या सप्लायरजवळ कोण फिरकू देईल? प्रमाण सांगितलं तरी पुरतं. रिजेक्शन चौथ्या हिश्श्यापेक्षा खाली आलं, एवढंच.

२० जुलै, रविवार

मसुदा. पोस्ट जाईल इंग्रजीतच, कारण वाचणारे त्याच भाषेत शोधतात, पण विचार मराठीत नीट होतो म्हणून आधी इथे मराठीत लिहिला.

मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं दाबून उघडावं लागतं. त्यामुळे पहिल्या ओळीत कारण, खंत, आभार काही नाही. पद, माल, गाव, तारीख:

> सप्लायर क्वालिटी (एसक्यूए), ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंग आणि मशिनिंग. ११ वर्षं. चाकण-तळेगाव-भोसरी पट्ट्यात काम शोधते आहे, १ सप्टेंबरपासून रुजू होऊ शकते.
>
> आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलते आहे आणि मी पुण्यातच राहणार आहे.
>
> अलीकडचं एक काम: इन्व्हर्टर हाउसिंग लीक टेस्टला फेल होत होतं. सगळे गॅस पोरॉसिटी समजून व्हॅक्यूमच्या मागे होते. बॉस कापून पाहिला तर श्रिंकेज निघालं. लोकल स्क्वीझ पिन बसवली, पिनचा स्ट्रोक दर शॉटला मॉनिटर केला, आणि लीक रिजेक्शन आधीच्या पाव हिश्श्याच्या खाली आलं. इम्प्रेग्नेशन बंद झालं.
>
> कास्टिंग आणि मशिनिंगचे सप्लायर सांभाळते: नवीन पार्टचं पीपीएपी, व्हीडीए ६.३ प्रोसेस ऑडिट, ८डी, गेजचा एमएसए. व्हीडीए ६.३ ऑडिटर म्हणून पात्र आहे.
>
> योग्य जागा: मॅनेजर किंवा डेप्युटी मॅनेजर, टियर-१ किंवा ओईएम, आठवड्यातले दोन-तीन दिवस सप्लायरकडे. फक्त इनकमिंग इन्स्पेक्शनची किंवा पुण्याबाहेरची जागा माझ्यासाठी नाही.
>
> तुमच्या प्लांटमध्ये अशी जागा असेल तर मला मेसेज करा, किंवा तुमच्या क्वालिटी हेडना ही पोस्ट दाखवा.

‘माझ्यासाठी नाही’ या ओळीवर नवरा अडला. म्हणाला, शोधतेस आणि वर अटी घालतेस? मी ठेवली. ज्यांच्याकडे चेन्नईची जागा आहे त्यांचा फोन आला तर त्यांचाही अर्धा तास जातो आणि माझाही. तो म्हणाला तशी भीती फक्त एकाच ठिकाणी खरी आहे, पगार. पगाराचा आकडा पोस्टमध्ये लिहिलेला नाही. एकदा जाहीर लिहिला की बोलणी त्या आकड्याच्या खालूनच सुरू होतात. रिक्रूटर विचारेल तेव्हा सध्याचा आणि अपेक्षित दोन्ही सांगायचे.

‘कोणतीही जागा चालेल’ हे वाक्य बहिणीने आधीच बाद केलं होतं. तसं लिहिलं की तिला कुठल्या जागेसाठी माझं नाव पुढे करायचं तेच समजत नाही.

२१ जुलै, सोमवार

सेटिंग्ज. ‘ओपन टू वर्क’ दोन तऱ्हांनी लावता येतं. एक सगळ्यांना दिसेल असं, त्यात फोटोला हिरवी पट्टी येते. दुसरं फक्त रिक्रूटरना दिसेल असं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये अशी व्यवस्था असते, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही. ज्याने अजून राजीनामा दिलेला नाही त्याने हे वाचूनच बटण दाबावं, आणि पोस्टच्या भानगडीत पडूच नये. माझं सगळ्या चाकणला माहीत आहे, मी उघड लावलं. हिरव्या पट्टीमुळे माणूस गरजू दिसतो, असं काहीजण म्हणतात. दिसू दे. लाइन हलते आहे हे कारण खाली लिहिलेलं आहेच.

तिथे पाचपर्यंत पदांची नावं देता येतात. पाचही भरली, एकाच कामाची वेगवेगळी नावं: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, सप्लायर क्वालिटी मॅनेजर, सप्लायर डेव्हलपमेंट वगैरे. नुसतं ‘क्वालिटी मॅनेजर’ टाळलं.

मोबाइल नंबर पोस्टमध्ये नाही. मेसेज पुरे, नंबर पुढच्या पायरीला.

आणखी एक. आमच्या एका सप्लायरचे मालक आपणहून म्हणाले, मॅडम, तुमच्या पोस्टखाली मी चांगलं चार ओळी लिहितो. त्यांना हात जोडून सांगितलं, २९ ऑगस्टनंतर लिहा. आज मी त्यांचं ऑडिट करते. ऑडिट होणाऱ्याने ऑडिटरची तारीफ केलेली नवा क्वालिटी हेड वाचेल तर तो काय समजेल, हे त्यांना लगेच पटलं.

त्याऐवजी दोन जुन्या सहकाऱ्यांना आधीच मसुदा पाठवला. दोघेही आता चाकणच्याच वेगवेगळ्या प्लांटमध्ये आहेत. लाइक नको, स्वतःच्या दोन ओळी लिहून शेअर करा, माझ्यासोबत काय काम केलं ते लिहा, एवढंच मागितलं.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी बसमध्ये टाकली. बहिणीचं गणित असं की सोमवारी क्लायंटच्या मीटिंगमधून नव्या जागा येतात आणि मंगळवारी शोध सुरू होतो. तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे ट्रॅफिक, त्यामुळे टायपोही सापडले आणि दुरुस्त झाले.

२४ जुलै, गुरुवार

पहिल्या दोन दिवसांचा हिशेब. कमेंटमध्ये ‘सीएफबीआर’ची रांग, म्हणजे पोस्ट पुढे जावी म्हणून केलेली कमेंट. भावना चांगली आहे, पण त्या कमेंटमधून कुणाला काही कळत नाही. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने मात्र लिहिलं की बॉस कापायला लावला तेव्हा तो बाजूला उभा होता आणि गॅसवर त्याने पैज लावली होती. त्या कमेंटखाली दोन अनोळखी माणसांनी पिनच्या वेळेबद्दल विचारलं. दोघेही कास्टिंगमधले. त्यांना सविस्तर उत्तर दिलं, मशीनचा आकडा आणि सप्लायर सोडून.

चुकीचे मेसेजवाले कमीच आले, तरी आले. एकीला सॉफ्टवेअर टेस्टर हवा होता. ‘क्यूए’ एवढंच वाचलं असावं. एकाने विमा विकायला सांगितलं. आणि एकाने परदेशातली जागा पक्की म्हणून व्हॉट्सॲपवर यायला सांगितलं, मग ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले. ओळख सोपी आहे: कंपनीचं नाव सांगत नाही, ईमेल कंपनीच्या डोमेनवरून नाही, मुलाखतीआधी ऑफरची भाषा, आणि पैसे. खरा रिक्रूटर उमेदवाराकडून पैसे घेत नाही, त्याची फी कंपनी देते. ब्लॉक, रिपोर्ट.

२९ जुलै, मंगळवार

पोस्टचं ॲनालिटिक्स उघडलं. किती जणांना दिसली यापेक्षा कोणाला दिसली ते मी बघते. बघणाऱ्यांची पदं, कंपन्या, गावं तिथे येतात. पहिल्या दिवशी वर माझीच कंपनी होती. आता पुण्याच्या इतर ऑटो कंपन्या वर आल्यात आणि पदांमध्ये क्वालिटीवाले दिसतायत. प्रोफाइलवर शोधातून किती वेळा आले तेही वाढलंय, पण ते पोस्टमुळे की १६ तारखेच्या हेडलाइनमुळे, हे वेगळं काढता येत नाही. एकाच आठवड्यात दोन बदल केले की असंच होतं. ट्रायल असती तर मी सप्लायरला झापलं असतं.

तीन रिक्रूटर कामाचे बोलले. तिघांनीही पहिला प्रश्न तोच विचारला जो पोस्टमध्ये लिहिलेला आहे: कधी रुजू होणार? तारीख ठरलेली आहे हे कळल्यावर बोलणं सरळ पुढे गेलं. बाकी बहुतेकांची नोटीस ९० दिवसांची असते आणि क्लायंट तेवढं थांबत नाही, असं त्यातली एक म्हणाली.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी फोन. रिक्रूटरचा नाही, थेट एका प्लांटच्या क्वालिटी हेडचा, त्यांच्या खात्यातल्या कुणीतरी पोस्ट दाखवली होती. ओळख वगैरे झाल्यावर त्यांनी विचारलं, “मॅडम, पिन बसवल्यावर पिनच्या भोवती फ्लॅश येऊन ती अडकत नव्हती का?” येत होता. पिन आणि स्लीव्हमधला क्लिअरन्स, पिनला थंड ठेवणं आणि ठरावीक शॉटनंतर पिन बदलणं, यावर आम्ही चांगला वेळ बोललो. पीपीएपीची लेव्हल कोणी विचारली नाही. शनिवारी प्लांटला बोलावलंय. जागा मॅनेजरची आहे, पण सप्लायरकडे जाणं आठवड्यातून एकदाच, बाकी वेळ आत. हे मी तिथे स्पष्ट विचारणार.

१८ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी दुसरी फेरी झाली. सप्लायरकडे आठवड्यातून दोन दिवस, इथपर्यंत ते आलेत. पगाराचं बोलणं एचआरकडे आहे. दुसऱ्या एका टियर-१ची मुलाखत बुधवारी आहे, ती रिक्रूटरमार्फत, बहिणीच्या ओळीसारख्याच शोधातून सापडलेली. त्या रिक्रूटरने पोस्ट वाचलेलीच नव्हती, हेडलाइन वाचली होती.

ऑफर लेटर हातात येईपर्यंत पोस्ट तशीच राहील. मिळाल्यावर ती उडवायची नाही, वर एक ओळ वाढवायची की जागा मिळाली, कारण खाली त्या दोन कास्टिंगवाल्यांशी झालेली चर्चा आहे आणि ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पोस्ट संपादित केली की तसं तिथे दिसतं, त्यात गैर काही नाही. हिरवी पट्टी त्याच दिवशी काढायची आणि बोलणं चालू असलेल्या प्रत्येक रिक्रूटरला स्वतः कळवायचं.

आज बाकी: बुधवारसाठी पिनच्या स्ट्रोकचा आलेख हाताने नव्याने काढणे, आकडे न घालता.